कॉफीच्या रंगाचे डाग : किती, केवढे आणि कधी तपासावेत?

बाळाला अंघोळ घालताना पोटावर किंवा मांडीवर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा एखादा चपटा डाग दिसतो. बोट फिरवले तर तो हाताला लागत नाही, त्याची कड स्पष्ट असते, आणि तो खाजतही नाही की दुखतही नाही. वैद्यकात अशा डागाला ‘कॅफे-ओ-ले’ डाग म्हणतात. त्या जागी त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य थोडे जास्त असते, एवढाच त्याचा अर्थ. असे एक-दोन डाग असंख्य निरोगी मुलांच्या अंगावर असतात आणि त्यांच्यासाठी काहीही करावे लागत नाही. डाग बरेच असतील तर मात्र ते नीट मोजावेत, आणि त्यासाठी घरातली साधी मोजपट्टी पुरते.

वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे आणि वयात आल्यानंतर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १’ या जनुकीय विकाराचा विचार करावा लागतो. वयानुसार माप बदलते, कारण शरीराबरोबर डागही वाढतात. प्रत्येक डागाची लांबी त्याच्या सर्वांत रुंद बाजूने मोजावी आणि ठिपक्याएवढे बारीक डाग या गणतीत धरू नयेत. पाठीच्या खालच्या भागावरचे निळसर-करडे जन्मडागही यात मोजायचे नाहीत. त्यांचा या विकाराशी संबंध नाही.

हा विकार सुमारे ३,००० जणांमागे एकाला होतो. सतराव्या गुणसूत्रावरचे एनएफ-१ हे जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचे प्रथिन बनवते, आणि ते प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालते. जनुकाची एक प्रत बिघडली की हा लगाम ढिला पडतो, म्हणून मज्जातंतूंच्या आवरणात गाठी होण्याकडे कल वाढतो. डाग स्वतः गाठीत बदलत नाहीत, आणि डाग जितके जास्त तितका विकार गंभीर असेही नसते, हे पालकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण याच गैरसमजापायी अनेकजण उगाच धास्तावतात.

निदानातील खरी अडचण काळाची असते, कारण लक्षणे एकदम न दिसता वर्षावर्षाच्या अंतराने उमटतात. डाग पहिल्या वर्षात दिसतात, काखेतले व जांघेतले बारीक ठिपके बहुधा काही वर्षांनी, आणि त्वचेवरच्या मऊ गाठी बहुतेक वेळा वयात येण्याच्या सुमारास. म्हणून चौदा महिन्यांच्या एका मुलीची कल्पना करू. सहाव्या महिन्यात तिच्या अंगावर चार डाग होते, आता ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सात आहेत, ते शरीराच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि आई-वडिलांपैकी कोणाच्याही अंगावर तसे डाग नाहीत. आई-वडिलांना विकार नसेल तर निदानासाठी किमान दोन निकष पुरे व्हावे लागतात आणि तिच्याकडे एकच आहे. त्यामुळे संशय रास्त असला तरी निदान झालेले नसते. आई-वडिलांत विकार नाही म्हणून मुलीतही नसणार, हा तर्कही चुकीचा ठरेल, कारण सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो.

पुढे चौथ्या वर्षी तिच्या काखेत ठिपके आले, तर दोन निकष पुरे झाल्यासारखे वाटेल. परंतु डाग आणि ठिपके ही जोडी ‘लेजियस सिंड्रोम’ या सौम्य विकारातही दिसते. त्यात स्प्रेड-१ हे वेगळे जनुक बिघडलेले असते आणि गाठी होत नाहीत. म्हणूनच २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनी या जोडीबाबत सावध केले आणि एनएफ-१ जनुकातील रोगकारक बदलालाही स्वतंत्र निकषाचे स्थान दिले. रक्ताची जनुकीय चाचणी हा गुंता बहुधा सोडवते. मात्र सगळे डाग शरीराच्या एकाच भागात असतील, तर बदल काही पेशींपुरताच मर्यादित असू शकतो आणि तो रक्तात सापडेलच असे नाही.

निदान लवकर व्हावे असे मला वाटते ते प्रामुख्याने डोळ्यांसाठी. या विकारातल्या काही मुलांच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर लहानपणीच गाठ होते, आणि एका डोळ्याची नजर मंदावली तरी दुसरा डोळा काम भागवत असल्याने लहान मूल तक्रारच करत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दरवर्षी तपासणी करून घेतात. त्या तपासणीत बुबुळावरचे लिश नोड्यूल नावाचे बारीक, निरुपद्रवी उंचवटेही दिसतात आणि ते निदानाला बळ देतात. त्याबरोबर रक्तदाब, पाठीचा कणा आणि नडगीचे हाड वाकलेले आहे का, हे पाहिले जाते. शाळेच्या वयात शिकण्यात अडचण येते का, याकडेही लक्ष ठेवतात.

मोजणी सहाच्या आत असेल, पण मूल अजून वर्षाचे झाले नसेल, तर डागांशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत, तारीख लिहावी आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजावे. सहा किंवा अधिक भरले, तर ती छायाचित्रे बालरोगतज्ज्ञांना दाखवावीत.