ड्रॉइंगवरील टिपांचे कोरियन भाषांतर : मानकांच्या उल्लेखामागची पार्श्वभूमी

अभियांत्रिकी ड्रॉइंगवरील टिपांचे कोरियनमध्ये भाषांतर होताना आकडे बहुधा जसेच्या तसे उतरतात, कारण त्यांच्याकडे सर्वांचेच लक्ष असते. मात्र ‘अमुक मानकानुसार’ या शब्दांतील मानक बदलले, तर एकही आकडा न बदलता भागावरील अट बदलते. अशी अदलाबदल करण्याचा मोह कोरियनमध्ये विशेष का होतो, हे समजण्यासाठी तिथल्या मानकांचा इतिहास पाहावा लागतो.

दक्षिण कोरियात औद्योगिक मानकीकरणाचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि त्यातून ‘केएस’ ही राष्ट्रीय मानके उभी राहिली. ड्रॉइंगचे सर्वसाधारण नियम १९६६ मध्ये आणि यांत्रिक ड्रॉइंगचे मानक १९६७ मध्ये आले. त्यांच्या रचनेवर जपानी मानकांची छाप होती, आणि कारखान्यांतील बोलीत जपानी शब्द आधीपासूनच रुळले होते. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांशी जुळवून घेताना अनेक केएस मानके आयएसओ मानकांशी एकरूप करण्यात आली. सर्वसाधारण टॉलरन्सचे, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचे, आयएसओ २७६८ तिथे `KS B ISO 2768-1` या नावाने वावरते. याच काळात तांत्रिक शिक्षणातून ‘जुसॉ’ म्हणजे ड्रॉइंगवरील टिपांचा एक ठरीव साचा पक्का झाला. त्यात मशीनिंगची सर्वसाधारण टॉलरन्स आणि धारा तिरप्या कापण्याविषयी ‘चित्रात दाखवलेले पण माप न दिलेले चॅम्फर १×४५°’ अशी वाक्ये जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगवर येतात. मूळ टीप या साच्याशी मिळतीजुळती दिसली की सवयीने साच्यातलेच वाक्य लिहिले जाते. मूळ टिपेत ‘धारा मोडाव्यात, कमाल ०.०१५ इंच’ असेल, तर ती फक्त वरची मर्यादा आहे. साच्यातील वाक्य तिचे ठरावीक मापात रूपांतर करते. शिवाय ०.०१५ इंच म्हणजे ०.३८१ मिमी, ते सोयीसाठी ०.४ केले, तर मूळ मर्यादेच्या बाहेरचा भागही स्वीकारला जाईल.

सर्वांत मोठा फरक मात्र मोजमापाच्या मूलतत्त्वात आहे. ब्रिटिश अभियंते विल्यम टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेल्या विचारानुसार ‘गो’ गेज, म्हणजे योग्य भागावर बसलेच पाहिजे असे तपासणीचे साधन, भागाच्या पूर्ण आकाराला भिडले पाहिजे. अमेरिकी वाय १४.५ मानकाने हेच तत्त्व मापधारी भागांसाठी मूळ नियम म्हणून स्वीकारले : भागात जास्तीत जास्त द्रव्य राहील अशा मापाला, म्हणजे पिन कमाल किंवा छिद्र किमान मापाला असेल, तर त्याचा आकार निर्दोष हवा. आयएसओ ८०१५ ने उलट मार्ग धरला. त्याच्या २०११ च्या आवृत्तीनुसार आयएसओ पद्धतीच्या ड्रॉइंगवर माप आणि आकार या स्वतंत्र अटी मानल्या जातात. त्यांची सांगड हवी असल्यास वर्तुळातील ई हे चिन्ह द्यावे लागते.

एक उदाहरण घेऊ. पिनचा व्यास ९.९७ ते १०.०० मिमी, लांबी ६० मिमी, आणि टीप आहे ‘अर्थ वाय १४.५ नुसार लावावा’. प्रत्यक्ष पिन सर्वत्र १०.०० मिमी भरते, पण तिला ०.०५ मिमीचा बाक आहे. मूळ टिपेनुसार ही पिन नापास होते, कारण ती १०.०० मिमीच्या निर्दोष आवरणात मावत नाही. भाषांतरकाराने वाचकाला ओळखीचे वाटावे म्हणून तिथे आयएसओवर आधारित केएस मानकाचा उल्लेख केला, तर मायक्रोमीटरने दोन बिंदूंमध्ये घेतलेले प्रत्येक माप मर्यादेत येईल आणि व्यासाच्या अटीवर पिन पास होईल. पुढे ती १०.०२ मिमीच्या लांब छिद्रात जाणार नाही, तेव्हा तपासणीच्या कागदावर दोष सापडणार नाही. म्हणून मूळ मानकाचे नाव, क्रमांक आणि आवृत्तीचे वर्ष अक्षरशः तसेच ठेवावे; केएस समकक्ष सांगायचाच असेल, तर तो भाषांतरकाराची टीप म्हणून वेगळा आणि तसे स्पष्ट लिहून द्यावा.

सीमांच्या शब्दांत कोरियन भाषा, सुदैवाने, काटेकोर आहे. ‘इसांग’ आणि ‘इहा’ यांत सांगितलेली संख्या धरली जाते, ‘छोग्वा’ आणि ‘मिमान’ यांत ती वगळली जाते. आयएसओ २७६८ च्या मध्यम वर्गात ६ च्या वर ते ३० पर्यंतच्या मापाला ±०.२ मिमी, तर ३० च्या वर ते १२० पर्यंतच्या मापाला ±०.३ मिमी टॉलरन्स आहे. दुसऱ्या ओळीत ‘३० छोग्वा’ऐवजी ‘३० इसांग’ लिहिले, तर नेमके ३० मिमीचे माप दोन्ही ओळींत बसते आणि कारखाना त्यातली सैल मर्यादा धरू शकतो. ही चूक तक्ता नुसता वाचून सहज दिसत नाही. त्यामुळे तपासणाऱ्याने प्रत्येक सीमेवरची संख्या हातात घेऊन ती कोणत्या ओळीत पडते हे मूळ तक्त्यात आणि भाषांतरात वेगवेगळे लिहून काढावे, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच तो तक्ता पुढे पाठवावा.