पेमेंट गेटवे आणि मर्चंट ऑफ रेकॉर्ड: पैसे दोघंही घेतात, मग विकतंय कोण?

मी चकली, कडबोळी आणि अनारसे शिकवणारा रेकॉर्डेड क्लास विकते, तीन तासांचे व्हिडिओ, किंमत 1000 रुपये. सुरुवातीची गिऱ्हाईकं सगळी सांगली, कोल्हापूर, पुण्याची. मग दिवाळीच्या आधी कुणीतरी लिंक जर्मनीतल्या मराठी ग्रुपवर टाकली आणि तिकडून मेसेज यायला लागले की ताई यूपीआय चालत नाहीये, कार्ड घ्याल का. मी म्हटलं त्यात काय, गेटवेवर इंटरनॅशनल कार्ड चालू करून घेऊ. घेतलंही. आणि मग मैत्रीण म्हणाली की अगं गमरोड नावाच्या अमेरिकन साइटवर टाक ना, तेही गेटवेच आहे.

तर नाही, ते गेटवे नाहीये. मलाही हे कळायला वेळ लागला, कारण समोरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, लिंक, कार्ड नंबर टाकायचा चौकोन, पैसे गेले, व्हिडिओ उघडला.

पेमेंट गेटवे, म्हणजे रेझरपे वगैरे, हा आपल्या दुकानातला गल्ल्यावरचा माणूस समजा. पैसे मोजून घेतो, आपली फी कापतो, बाकीचे बँकेत टाकतो. दुकान तुमचं, बिल तुमचं, टॅक्सची डोकेदुखीही तुमचीच. मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणजे तुमचा माल स्वतःच्या नावावर विकणारा दुकानदार. कागदावर डसेलडॉर्फच्या वहिनींनी क्लास तुमच्याकडून घेतलेलाच नसतो, त्या कंपनीकडून घेतलेला असतो, आणि कंपनी तुम्हाला तुमचा वाटा देते. गमरोड 1 जानेवारी 2025 पासून असं झालं, लेमन स्क्वीझी ही तसलीच दुसरी साइट आधीपासून अशीच आहे.

आपण कुठल्या प्रकारात आहोत हे ओळखायचं असेल तर फार वाचत बसू नका, स्वतःच्या किंवा भावाच्या कार्डाने एक खरेदी करा आणि पावती बघा. पावतीवर विकणारा म्हणून कुणाचं नाव आहे, टॅक्स नंबर कुणाचा आहे, कार्डाच्या स्टेटमेंटवर काय छापून आलं. तुमचं नाव असेल तर गेटवे, कंपनीचं असेल तर मर्चंट ऑफ रेकॉर्ड.

आता याने फरक काय पडतो, तर मुख्य फरक टॅक्सचा. युरोपियन युनियनमध्ये डिजिटल माल घरगुती गिऱ्हाइकाला विकला की व्हॅट लागतो तो गिऱ्हाईक जिथे राहतं तिथल्या दराने, आणि बाहेरच्या देशातून विकणाऱ्याला तिथे आपल्या जीएसटीतल्या वीस लाखांच्या उलाढालीसारखी सूट नाही, पहिल्याच विक्रीपासून लागू. जर्मनीत रेकॉर्डेड क्लासवर 19 टक्के. ब्रिटनचंही तसंच, तिथे 20 टक्के. (गंमत म्हणजे हेच सगळं पीडीएफ पुस्तक करून विकलं तर जर्मनीत 7 टक्के आणि ब्रिटनमध्ये शून्य, चकली तीच.) अमेरिकेत एवढी घाई नाही, बहुतेक राज्यांत त्या एका राज्यातली विक्री 1 लाख डॉलरच्या घरात जाईपर्यंत लांबच्या विक्रेत्याला सेल्स टॅक्स गोळा करावा लागत नाही, आपण कुठे पोचतोय तिथे.

माझा हिशोब असा झाला. गेटवेवर जर्मनीतून 1000 आले, इंटरनॅशनल कार्डाची फी 3 टक्के म्हणजे 30 रुपये, त्या फीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 5.40, हातात 964.60. मी खूश. पण किंमत मी सपाट 1000 ठेवलेली, म्हणजे जर्मनीचा व्हॅट त्या हजारातच धरलेला, तो काढला तर 159.66. म्हणजे माझे खरे 805 रुपये, आणि वर तो व्हॅट भरायला युनियनच्या एखाद्या देशात वन स्टॉप शॉपची नोंदणी करून दर तीन महिन्यांनी रिटर्न. लोक म्हणतात कोण येतंय जर्मनीतून पकडायला, ते ज्याचं त्याने बघावं, पण देणं माझ्या नावावर चढतं एवढं नक्की.

तोच क्लास गमरोडवर. थेट लिंकवरून विक्री झाली तर 10 टक्के आणि वर 50 सेंट, म्हणजे हजाराला साधारण 145 रुपये, कार्डाच्या प्रोसेसिंगचे आणखी पन्नासेक, हातात 800 च्या आसपास. (त्यांच्या डिस्कव्हर बाजारातून गिऱ्हाईक आलं तर 30 टक्के जातात, ते विसरू नका.) म्हणजे बघा, जी फी दरोडा वाटत होती ती भरूनही आकडा जवळपास तोच. व्हॅट ते गिऱ्हाइकाकडून वरून घेतात आणि भरतातही तेच. वहिनींना मात्र 1000 ऐवजी 1190 च्या आसपास पडतात, त्याबद्दल एकीने विचारलंच, ताई ग्रुपवर तर हजार सांगितलं होतं.

मग सगळंच तिकडे न्यावं असं मला वाटलं आणि तिथे मी चुकले. कोल्हापूरच्या मावशींनाही तीच लिंक दिली. आपल्याकडे परदेशी कंपनीने भारतातल्या घरगुती गिऱ्हाइकाला डिजिटल माल विकला तर पहिल्या रुपयापासून 18 टक्के जीएसटी, आणि आता विकणारी कागदावर परदेशी कंपनीच ना! माझी सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, मला जीएसटीची नोंदणीच लागत नाही, म्हणजे मी थेट विकला तर मावशींना 1000 ला आणि त्या लिंकवर 1180 ला, शिवाय यूपीआय नाही म्हणून कार्ड शोधा. मावशी म्हणाल्या, तू अमेरिकेची झालीस का गं?

म्हणून आता दोन लिंका आहेत. भारतातल्यांना गेटवेची, बाहेरच्यांना गमरोडची, आणि मेसेजमध्ये आधीच विचारते कुठे राहता.

दुसरा फरक भांडणाचा, थोडक्यात सांगते. गेटवेवर असताना एका ताईंच्या मिस्टरांनी स्टेटमेंटवर माझ्या फर्मचं नाव पाहिलं, ओळखलं नाही, बँकेला सांगितलं हा व्यवहार आमचा नाही. झालं, चार्जबॅक. हजार रुपये अडकले आणि पुरावा मीच द्यायचा, ईमेल कधी गेला, व्हिडिओ किती वेळा उघडला, त्याचे स्क्रीनशॉट. ताईंनी स्वतः बँकेत फोन केला तेव्हा सुटले. मर्चंट ऑफ रेकॉर्डकडे बँकेशी बोलायचं काम त्यांचं असतं, पण हरले तर पैसे तुमच्या वाट्यातूनच जातात, आणि रिफंड द्यायचा की नाही यात त्यांचा शब्द चालतो कारण विकणारे ते. गिऱ्हाइकाला मात्र स्टेटमेंटवर कंपनीचं नाव दिसतं, म्हणून मी विक्रीनंतरच्या ईमेलमध्ये पहिलीच ओळ टाकलीये, कार्डावर गमरोड असं दिसेल, तो आपलाच चकलीचा क्लास आहे, मिस्टरांना सांगून ठेवा.