काळं ऑइल, सोनेरी ऑइल

(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत रविवारी सकाळी झालेल्या ग्राहक शिबिरात मी जे बोललो, ते इथे लिहून काढलं आहे. वागळे इस्टेटमध्ये माझं गाड्यांचं सर्व्हिस सेंटर आहे.)

नमस्कार मंडळी. आल्या आल्याच पहिल्या रांगेतल्या ताईंनी मला धरलं. म्हणाल्या, "दादा, डिझेल गाडीची सर्व्हिस करून आणली, पंधरा दिवसांत डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल काळंकुट्ट. नवीन ऑइलचे पैसे घेतले आणि जुनंच ठेवलं की काय?" त्यांनी गाडी माझ्याकडे दिली नव्हती, पण हाच प्रश्न माझ्याकडेही आठवड्यातून दोनदा येतो. म्हणून आज ऑइलबद्दलच्या बाकीच्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि एवढंच सांगतो, की ऑइलचा रंग बघून आणि बोटांत चोळून त्याची परीक्षा का होत नाही, आणि मग ती करायची कशी.

समईच्या ज्योतीवर वाटी धरून काजळ पाडताना आपण घरी पाहिलंय. चिमूटभर काजळी तुपात कालवली की सगळं तूप काळं होतं. डिझेल इंजिनात हेच होतं. डिझेल जळताना काजळी तयार होते. बरीचशी सायलेन्सरच्या वाटेने जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने झिरपून खाली चेंबरमध्ये ऑइलला येऊन मिळते. शिवाय ऑइल बदलताना सगळं ऑइल कधीच निघत नाही. पाव लिटरच्या आसपास जुनं ऑइल आतल्या वाटांमध्ये चिकटून राहतं, आणि ते काळंच असतं. त्यामुळे डिझेल गाडीचं नवीन ऑइल पहिल्या काही दिवसांतच काळं पडतं. ताई, तुमच्या गाडीत ऑइल बदललंच असेल असं मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते काळं दिसतंय म्हणून बदललं नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

आता ती काजळी ऑइलमध्ये गेल्यावर काय होतं, ते महत्त्वाचं. डब्यातलं ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात बरीच रसायनं मिसळलेली असतात. त्यातली काही आम्लाला मारतात, काही धातूवर चिकटलेली घाण सोडवतात आणि काहींचं काम काजळीचे कण सुटे ठेवणं हे असतं. शेवटच्या रसायनाला डिस्पर्संट म्हणतात. काजळीचा सुटा कण इतका बारीक असतो, की ऑइल फिल्टरमधूनही आरामात निघून जातो. फिल्टर साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनच्या वरचा कचरा पकडतो, आणि हे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. तेवढे बारीक आणि सुटे असेपर्यंत ते बेरिंगमधल्या ऑइलच्या थरातून जातात आणि धातूला फारसा त्रास देत नाहीत. डिस्पर्संट प्रत्येक कणाला वेढून बसतं आणि त्याला शेजारच्या कणाला चिकटू देत नाही. म्हणजे काळं ऑइल बऱ्याचदा आपलं काम चोख करत असतं. घाण त्याने स्वतःत उचलून धरलेली असते, म्हणून ते काळं दिसतं.

हे डिस्पर्संट संपलं की खरी पंचाईत होते. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, ऑइल घट्ट होतं आणि वरच्या झडपांच्या भागात चिखलासारखा थर बसतो. गंमत अशी, की संपण्याआधीचं ऑइल आणि संपल्यानंतरचं ऑइल डिपस्टिकवर सारखंच काळं दिसतं.

फरक बघायचा असेल तर हे तीन कागद हातोहात फिरवा. कॉफी गाळायचा साधा पांढरा कागद आहे. काल संध्याकाळी पेल्यांच्या तोंडावर ठेवून त्यांवर एकेक थेंब टाकला, म्हणजे खालून कागदाला काही टेकत नाही आणि थेंब मोकळा पसरतो. रात्रभर तसेच ठेवले. पहिला थेंब डब्यातल्या नव्या ऑइलचा, नुसता पिवळसर डाग. दुसरा सहा हजार किलोमीटर चाललेल्या डिझेल गाडीचा. इंजिन गरम असताना बंद करून डिपस्टिकवरून घेतलेला. ऑइल बाटलीत डांबरासारखं दिसत होतं, पण कागदावर बघा, मधून कडेपर्यंत एकसारखा करडा पसरलाय. काजळी अजून सुटी आहे, तेलाबरोबर प्रवास करतेय. तिसरा अशा गाडीचा, जिच्या मालकाने वीस हजारांपर्यंत ऑइल बदललंच नव्हतं. मधोमध टिकलीसारखा गच्च काळा ठिपका, त्याची कड रेखीव, आणि भोवती नुसतं तेलकट वर्तुळ. तेल पुढे गेलं आणि काजळी जागीच बसली, कारण तिच्या गुठळ्या झाल्या आहेत.

ही चाचणी घरी करता येते, पण तिच्याकडून जास्त अपेक्षा करू नका. आम्लाला मारायची ताकद किती उरली, बेरिंगचा धातू झिजून ऑइलमध्ये येतोय का, हे या कागदावर कळत नाही. थेंब छान पसरला म्हणून सर्व्हिसची तारीख पुढे ढकलू नका. थेंब जागीच बसला, तर मात्र तारखेची वाट बघू नका.

आता याच्या उलट गोष्ट. ही मला जास्त तळमळीने सांगायची आहे, कारण हे लोक बेसावध असतात.

पाचपाखाडीचे एक काका माझे जुने ग्राहक. छोटी पेट्रोल गाडी. सकाळी काकूंना ठाणे स्टेशनला सोडायचं आणि परत यायचं, संध्याकाळी आणायला जायचं आणि परत यायचं. एका वेळी दोनेक किलोमीटर, दिवसाला आठ. चौदा महिन्यांत गाडी जेमतेम २,८०० किलोमीटर चालली. काका म्हणाले, "दहा हजारांना अजून किती अवकाश आहे! आणि ऑइल बघ, मधासारखं आहे." खरंच होतं मधासारखं. डिपस्टिक काढून मी त्यांना आधी वास घ्यायला लावला. पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. मग खूण दाखवली. आम्ही भरताना ऑइल नेहमी वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवतो. आता ते खुणेच्या वर गेलं होतं. चौदा महिन्यांत ऑइल कमी व्हायचं, निदान तेवढंच राहायचं. ते वाढतं कशाने? मग वरचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला फिकट पिवळा, लोण्यासारखा फेस.

थंड इंजिन सुरू होताना त्यात नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल सोडलं जातं. थंड भिंतीवर त्यातलं काही जळत नाही, रिंगांवरून ओघळून खाली जातं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ खाली झिरपते आणि थंड झाकणावर तिचं पाणी होतं. लांबच्या फेरीत ऑइल चांगलं तापतं, तेव्हा हे पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून जातात. दोन किलोमीटरमध्ये तेवढा वेळच मिळत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला तरी तो कुलंटचं तापमान सांगतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं.

झाकणाखालचा फेस बघून घाबरायचीही घाई नको. हेड गॅस्केट गेलं आणि कुलंट ऑइलमध्ये उतरलं, तरी असाच फेस दिसतो. म्हणून मी कुलंटची टाकी बघितली, पातळी जशीच्या तशी होती. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ नव्हतं, फेस फक्त झाकणाला होता. म्हणजे गॅस्केट शाबूत. मग ऑइल काढून मापात ओतलं. भरलं होतं फिल्टरसह ३.५ लिटर, निघालं ३.६. खरं तर नेहमी भरलेल्यापेक्षा थोडं कमीच निघतं. पाहुणे पेट्रोल आणि पाणी निदान शंभर मिलिलिटर, कदाचित त्याच्या दुप्पट होते. एवढ्यानेही ऑइल पातळ होतं आणि बेरिंगमधला थर विरळ होतो. मधाचा रंग काही बदलला नव्हता.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी इथे कान द्या. तुमच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ करायला गाडी मधूनमधून जादा डिझेल सोडून तिथे उष्णता वाढवते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ते काम अर्धवट असतानाच गाडी वारंवार बंद केली, की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल नंतर उडून तरी जातं, डिझेल सहजासहजी उडत नाही. ऑइलची पातळी वाढली, तर "गाडी ऑइल खात नाही" म्हणून खूश होऊ नका, लगेच दाखवा.

बोटांत चोळून "पातळ झालंय, जरा घट्ट घाला" म्हणणाऱ्यांसाठीही थोडं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा ऑइल १०० अंश सेल्सिअसला किती घट्ट असतं ते सांगतो, आणि डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा ५ थंडीतल्या वागण्याचा. हेच ऑइल ४० अंशाला १०० अंशाच्या साधारण सहापट घट्ट असतं. म्हणजे गरम इंजिनाचं ऑइल बोटाला पाण्यासारखं लागणारच, तसंच ते बनवलंय. आजच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा आणि फटी त्या हिशोबानेच ठेवलेल्या असतात. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातलं, तर सकाळी ते वरपर्यंत पोचायला उशीर लागतो आणि मायलेजही घटतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड घाला. आणि मोटारसायकलला कारचं ऑइल घालू नका. तिचा क्लच बहुतेक वेळा ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधल्या रसायनांनी तो घसरू शकतो.

काकांच्या मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलं होतं. त्याच्या पुढच्याच पानावर छोट्या फेऱ्या आणि ट्रॅफिकसाठी याहून लवकर बदला, असंही होतं. ते पान कोणी उघडत नाही. आम्ही मुदत सहा महिने ठरवली. दर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना काका-काकू गायमुखपर्यंत जाऊन येतात, गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालते. पहिल्या सहा महिन्यांनी गाडी आली तेव्हा मी झाकण त्यांच्यासमोर उघडलं, आतून कोरडं होतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नव्हता. ऑइल मापात ओतलं, ३.३ लिटर निघालं. रंग मागच्या वेळेपेक्षा जरा काळसर होता.