टोकन अनलॉक वेळापत्रक

एखाद्या क्रिप्टो प्रकल्पाची जी टोकन तयार करून ठेवलेली असतात पण विकता येत नाहीत, ती कोणत्या तारखेला, किती आणि कोणाच्या हाती मोकळी होणार हे ठरवणाऱ्या तक्त्याला टोकन अनलॉक वेळापत्रक म्हणतात. बहुतेक प्रकल्प सुरुवातीला एकूण टोकनांचा छोटा हिस्साच बाजारात सोडतात. संस्थापक, कर्मचारी, सल्लागार आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार यांचा वाटा कुलूपबंद राहतो. ठरलेला काळ संपेपर्यंत त्यांना काहीच मिळत नाही. या टप्प्याला क्लिफ म्हणतात. क्लिफ संपला की एक मोठा हप्ता एकदम सुटतो आणि उरलेला भाग दरमहा किंवा रोज थोडाथोडा मोकळा होतो.

शेअर बाजारातल्या लॉक-इनशी याचे साम्य आहे. झोमॅटोच्या नोंदणीपूर्व भागधारकांचा एक वर्षाचा लॉक-इन जुलै 2022 मध्ये संपला आणि त्यानंतरच्या पहिल्याच व्यवहाराच्या दिवशी, 25 जुलैला, शेअर सुमारे 11 टक्क्यांनी पडला. फरक मोजणीत आहे. कंपनीचे बाजारमूल्य काढताना लॉक-इनमधले शेअरही धरले जातात. टोकनचे बाजारमूल्य मात्र सहसा फक्त चलनातल्या टोकनांवर काढतात, त्यामुळे पुढे येणारा पुरवठा त्या आकड्यात दिसतच नाही.

इथेरियमवर आधारलेल्या आर्बिट्रम या नेटवर्कच्या एआरबी टोकनचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे, कारण त्याचे आकडे पहिल्या दिवसापासून जाहीर होते. मार्च 2023 मध्ये टोकन आले तेव्हा एकूण संख्या 1,000 कोटी होती आणि त्यातली सुमारे 127.5 कोटी मोफत वाटपातून चलनात आली. संघ व सल्लागारांचा वाटा 26.94 टक्के, तर गुंतवणूकदारांचा 17.53 टक्के. दोघांनाही चार वर्षांची मुदत होती, पहिले वर्ष क्लिफचे. म्हणजे 16 मार्च 2024 रोजी त्यांच्या वाट्याचा चौथा हिस्सा एकदम सुटला: संघाची 67.35 कोटी आणि गुंतवणूकदारांची 43.825 कोटी, मिळून 111.175 कोटी टोकन. उरलेल्या तीन चतुर्थांशाचे 36 समान मासिक हप्ते पाडले होते, प्रत्येकी 9.265 कोटींचे.

इथे कोणत्या आकड्याला भागायचे, यात पुष्कळ लोक चुकतात. एकूण संख्येच्या मानाने हा हप्ता 11 टक्के होता आणि तसा तो फार मोठा वाटत नाही. चलनातल्या 127.5 कोटींच्या मानाने तो 87 टक्के होता. किंमत ठरते ती खरोखर खरेदी-विक्रीला असलेल्या टोकनांवर, म्हणून दुसराच आकडा कामाचा.

पुढच्या मासिक हप्त्यांना हेच गणित लावले तर चित्र बदलते. क्लिफनंतर चलनात सुमारे 239 कोटी टोकन झाली, तेव्हा पहिला मासिक हप्ता 3.9 टक्क्यांचा ठरतो. हप्ता तेवढाच राहतो आणि पाया वाढत जातो, त्यामुळे शेवटचे हप्ते दोन टक्क्यांच्याही खाली येतात. तक्त्यातल्या सगळ्या तारखा सारख्याच धोक्याच्या मानणे म्हणूनच चूक आहे. क्लिफची तारीख वेगळी काढून पाहावी.

एआरबीने जानेवारी 2024 मध्ये 2.40 डॉलरच्या आसपास उच्चांक गाठला होता. अनलॉकच्या दिवशी भाव दोन डॉलरच्या खाली होता आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत तो सव्वा डॉलरच्याही खाली गेला. पण ही सगळी घसरण अनलॉकच्या खात्यावर टाकता येत नाही. बिटकॉइनने 14 मार्चला 73 हजार डॉलरच्या वर तोवरचा उच्चांक केला आणि आठवडाभरात तो 61-62 हजारांपर्यंत उतरला, त्याबरोबर सगळा बाजार खाली आला. अनलॉकचा परिणाम वेगळा काढायचा तर डॉलरमधला भाव सोडून एआरबीचे इथेरियमच्या इथर या नाण्याशी किंवा त्याच प्रकारच्या दुसऱ्या टोकनशी असलेले गुणोत्तर पाहावे. अनलॉकच्या आधीच्या 30 दिवसांत आणि नंतरच्या 14 दिवसांत ते किती घसरले, हा खरा प्रश्न.

दाब तारखेच्या आधीच का जाणवतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक व्यवहार पुरे. एका फंडाची 10 लाख टोकन दोन आठवड्यांनी सुटणार आहेत आणि आजचा भाव 2.10 डॉलर आहे. टोकन हातात नसली तरी तो पर्पेच्युअल फ्युचर्समध्ये, म्हणजे मुदत न संपणाऱ्या वायद्यांत, तेवढ्याच संख्येचा शॉर्ट, म्हणजे भाव पडला तर नफा देणारा सौदा, घेऊ शकतो. अनलॉकच्या दिवशी भाव 1.85 झाला तर शॉर्टवर अडीच लाख डॉलर मिळतात, टोकन 1.85 ला विकली जातात आणि दोन्ही मिळून त्याला 2.10 चाच भाव पडतो. म्हणजे त्याची विक्री खऱ्या अर्थाने दोन आठवडे आधीच झाली. प्रत्यक्ष दिवशी तो एका हाताने टोकन विकतो आणि दुसऱ्या हाताने शॉर्ट बंद करण्यासाठी फ्युचर्स विकत घेतो. दोन्हींचा बाजारावरचा निव्वळ परिणाम कमी असतो. अनलॉकच्या दिवशी भाव स्थिर राहिला किंवा थोडा उसळला की लोक चकित होतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

हा हेज, म्हणजे भाव पडण्यापासून बचावाचा सौदा, फुकट नसतो. तो करणारे वाढले की पर्पेच्युअलचा भाव प्रत्यक्ष टोकनच्या भावाखाली जातो, फंडिंग रेट उणे होतो आणि शॉर्टवाल्यांना समोरच्यांना नियमित पैसे मोजावे लागतात. मध्येच भाव उसळला तर मार्जिन भरावे लागते, आणि टोकन अजून कुलपात असल्याने ती तारण देता येत नाहीत. म्हणून खुणा ओळखता येतात: तारीख जवळ येताना ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून बंद न झालेल्या सौद्यांची एकूण संख्या, वाढतो व फंडिंग उणे होत जाते, आणि तारखेनंतर दोन्ही पूर्वपदावर येतात. तारीख उलटूनही फंडिंग उणेच राहिले, तर विक्री अजून बाकी आहे असे समजायला जागा असते.

अनलॉक म्हणजे विक्री नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. टोकन कोणाला मिळाली हे आधी पाहावे. सुरुवातीच्या गुंतवणूकदाराची खरेदी अत्यंत कमी भावाची असते आणि त्याला आपल्या भागीदारांना पैसे परत करायचे असतात, म्हणून त्याच्याकडून विक्रीची शक्यता जास्त. प्रकल्पाच्या सामुदायिक तिजोरीत गेलेली टोकन मात्र मतदानाशिवाय हलत नाहीत. तरी अनलॉकची नोंद ठेवणारे काही ट्रॅकर ती सरसकट बेरजेत धरतात. ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर मोठी रक्कम एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेलेली दिसली तर ती विक्रीची तयारी असू शकते, पण तेवढ्यावरून विक्री झाली असे म्हणता येत नाही.

वेळापत्रक दगडावरची रेघही नसते. डीवायडीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या गुंतवणूकदारांचा आणि संघाचा पहिला मोठा हप्ता फेब्रुवारी 2023 मध्ये सुटणार होता. जानेवारीत संबंधितांनी तो 1 डिसेंबर 2023 पर्यंत पुढे ढकलला आणि बातमी येताच भाव वर गेला. शॉर्ट घेऊन बसलेल्यांना तोटा झाला. कुलूप ब्लॉकचेनवरच्या करारात असेल तर अशी दुरुस्ती आधीच दिसू शकते, आणि ते फक्त कागदी करारात असेल तर पक्षांच्या संमतीने कधीही बदलू शकते. म्हणून तारखेवर काही ठरवण्याआधी कुलूप नेमके कुठे आहे, हे प्रकल्पाच्या दस्तऐवजात शोधावे आणि तक्ता त्याच आठवड्यात पुन्हा तपासावा.