बाटलीवरचं कोणतं नाव चावतंय?

राजारामपुरीतून आणलेल्या लोशनच्या मागच्या बाजूचा फोटो भाचीनं मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशे, ह्यातलं काय चावाय लागलंय मला?" बाटली गोल, अक्षरं मुंगीएवढी. कडेची नावं अर्धी कापली गेली होती, म्हणून बाटली फिरवून आणखी दोन फोटो मागवले. अर्ध्या नावावरून अंदाज बांधू नये.

यादीत आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग सीटेरिल अल्कोहोल. 'अल्कोहोल' वाचून ती घाबरली होती, पण हे मेणासारखं घट्ट असतं, त्वचा मऊ ठेवतं आणि क्वचितच कुणाला सोसत नाही. कोरडी करणारं आणि झोंबणारं ते 'अल्कोहोल डिनॅट'; ते यात नव्हतं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, पण १ टक्क्याच्या खालचे कसेही मांडता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक सहसा १ टक्क्यापर्यंतच घालतात, त्यामुळे ते दिसलं की पुढची मंडळी बहुतेक चिमूटभरच, असं मी धरते. अ‍ॅलर्जीला मात्र चिमूटही पुरते.

त्या शेपटातच 'पर्फ्यूम', 'लिनालूल' आणि 'लिमोनीन' होते. पर्फ्यूम हा एक घटक नाही, त्या एका शब्दाखाली अनेक वासद्रव्यं लपतात. लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून जी द्रव्यं तयार होतात, ती मूळ द्रव्यांपेक्षा जास्त अ‍ॅलर्जी करतात. भाचीची बाटली गेलं वर्षभर खिडकीत, तीही अर्धवट झाकणानं! माझा संशय तिथंच गेला. बाटलीच्या पुढच्या बाजूला 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी' छापलं होतं, त्याला मी फारसं महत्त्व देत नाही.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. तिच्या चेहऱ्यावरचा त्रास शांत झाल्यावर तिला कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, तेच लोशन दिवसातून दोनदा लावायला सांगितलं, सात दिवस. वर पट्टी नाही. एकदा लावून तासाभरानं बघण्यात अर्थ नसतो, कारण अ‍ॅलर्जी उमटायला दोन-चार दिवस लागतात. लावल्या लावल्या झोंबून अर्ध्या तासात थांबलं, तर ती बहुधा नुसती जळजळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज आणि बारीक पुरळ आलं, तर अ‍ॅलर्जीचा संशय. तसं झालं की लगेच धुऊन थांबायचं. फेसवॉशची चाचणी अशी करू नये. धुवायची वस्तू अंगावर ठेवली तर कुणालाही झोंबेल.

चौथ्या दिवशी तिच्या कोपरावर लाल दाणे आले. आता नेमकं कोणतं द्रव्य, हे घरी कळत नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या चकत्या ४८ तास चिकटवतात आणि काढल्यावर पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. भाचीला तिथं बाटली सोबत न्यायला सांगितलंय, फोटो नव्हे.