मोकळी जागा आणि अडकलेली जागा: पानावरचा फरक

वर्तमानपत्राच्या पानावर दोन प्रकारचा पांढरा असतो. एक मुद्दाम सोडलेला, दुसरा चुकून उरलेला. मोजपट्टी लावली तर दोन्ही सारखेच भरतील. जाहिरात चौरस सेंटिमीटरवर विकली जात असल्यामुळे कुठलाही पांढरा तुकडा डोळ्यांत खुपतो आणि दोघांवर एकच उपाय होतो: भरून टाका. खरं तर एकाला हात लावायचा नसतो आणि दुसरा भरून चालत नाही, त्याची जागा बदलावी लागते.

ओळखायचं कसं? त्या पांढऱ्याच्या कडा बघा. तो पानाच्या समासाला किंवा दोन कॉलममधल्या उभ्या फटीला, म्हणजे गटरला, जाऊन मिळत असेल तर मोकळा. चारही बाजूंनी मजकूर, फोटो, रेषा असतील तर अडकलेला. मोकळ्यावरून नजर सरकून पुढे जाते, अडकलेल्यात ती थबकते आणि इथे काही छापायचं राहिलं का, असं वाटतं.

2024च्या विधानसभा निकालाचं एक ग्राफिक घेऊ. भाजप 132, शिवसेना 57, राष्ट्रवादी काँग्रेस 41, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) 10. समजा पाच कॉलमची जागा मिळाली. चार सेंटिमीटरचे कॉलम आणि चार मिलिमीटरचं गटर धरलं तर रुंदी 21.6 सेंटिमीटर. डावीकडे सहा सेंटिमीटर नावांना देऊ आणि एका जागेला एक मिलिमीटर या मापाने आडव्या पट्ट्या काढू. पहिली पट्टी 13.2 सेंटिमीटर, दुसरी 5.7, शेवटची जेमतेम एक.

आता उजवीकडे, दुसऱ्या पट्टीपासून खाली, मोठा पांढरा पट्टा उरतो. हमखास सूचना येते: ‘तिथे नेत्याचा फोटो टाका ना.’ टाकू नये. 132 आणि 10 यांतलं अंतर वाचक नेमकं त्या पांढऱ्यावरूनच मोजत असतो. फोटो आला की पट्ट्यांची टोकं आणि फोटोची कड यांच्यामध्ये वेड्यावाकड्या चिंध्या उरतात. म्हणजे मोकळी जागा भरायला गेलो आणि तिच्यातून अडकलेली जागा तयार केली. तिथे काही घालायचंच असेल, तर पट्ट्यांच्या सुरुवातीपासून 14.5 सेंटिमीटरवर एक बारीक उभी रेषा ओढून ‘बहुमत 145’ लिहावं. एकट्या कुणालाच बहुमत नाही, हे त्या रेषेने लगेच कळतं आणि पांढराही शाबूत राहतो.

याच ग्राफिकमध्ये खरी अडकलेली जागा वेगळ्याच ठिकाणी असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नावं डावीकडून सुरू केली, तर ‘भाजप’ हे छोटं नाव आणि त्याची पट्टी यांच्यात चार-पाच सेंटिमीटरची पोकळी पडते. कुठलं नाव कुठल्या पट्टीचं, हे बोट धरून शोधावं लागतं. नावं उजवीकडे जुळवली की प्रत्येक नाव पट्टीला भिडतं आणि पोकळी डाव्या समासात निघून जाते. पांढरा तेवढाच राहिला, फक्त त्याला बाहेरची वाट मिळाली.

मथळ्याचंही तसंच. मथळ्याच्या वर सहा मिलिमीटर आणि मथळा-मजकुरात तीन, असं ठेवलं तर मथळा आपल्या बातमीचाच वाटतो. दोन्हीकडे साडेचार-साडेचार ठेवले तर तो मध्येच लोंबकळतो. मग त्याचा आकार वाढवून उपयोग नाही, कारण वाचकाला बातम्यांची उतरंड अक्षरांच्या आकाराइतकीच या अंतरांवरून कळते.

मजकुरातला अडकलेला पांढरा मात्र चिवट. चार सेंटिमीटरच्या कॉलममध्ये दोन्ही कडा जुळवल्या आणि ‘मुख्यमंत्रिपदासाठी’सारखा शब्द ओळीत मावला नाही, की तो अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीतले दोन-तीन शब्द एकमेकांपासून लांब फेकले जातात. अशा ओळी एकाखाली एक आल्या की कॉलममध्ये पांढरे ओघळ दिसू लागतात. प्रिंट उलटी धरली की ते चटकन सापडतात, कारण मग डोळे वाचत बसत नाहीत. रोमन लिपीत अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवून ओळ भरता येते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते. त्यामुळे वाक्यातला शब्द बदलणं किंवा उजवी कड सैल सोडणं, हे दोनच उपाय चालतात. पहिला उपसंपादकाच्या हातात असतो, पण पान सोडायची वेळ झाली की त्याला कुणी विचारत नाही.

उलट, दोन ओळींच्या मथळ्यात ओळींमधला पांढरा वाया जातोय असं समजून तो पिळणारे पुष्कळ. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा रफार एकमेकांवर आदळले, की समजावं, तिथला पांढरा कामाचा होता.