फायनलमध्ये पहिला, यादीत शेवटचा

नागपुरात निकाल लागला की दरवर्षी एखादा विद्यार्थी माझ्याकडे एकच कोडं घेऊन येतो. ‘सर, फायनलले मी सगळ्यात पुढे होतो नं, मंग यादीत खाली कसा?’ त्याला वाटतं बेरजेत चूक झाली असणार. बेरीज बहुतेक वेळा बरोबर असते. सेशनल 40 गुणांची, फायनल 60 गुणांची, म्हणजे क्रम फायनलच ठरवणार, हा समज मात्र चुकीचा असतो.

सोयीसाठी पाचच विद्यार्थी घेऊ. सेशनलमध्ये त्यांना 40 पैकी अनुक्रमे 36, 32, 27, 23 आणि 18 मिळाले. फायनलचा पेपर सोपा निघाला. नेहमीचेच प्रश्न, वर भरपूर पर्याय. त्यामुळे 60 पैकी गुण पडले 42, 43, 44, 45 आणि 46. आता बेरीज करा: 78, 75, 71, 68, 64. फायनलमध्ये सर्वांत जास्त गुण मिळवणारा पाचवा विद्यार्थी यादीत तळाला गेला, आणि फायनलमध्ये सर्वांत मागे असलेला पहिला आला. यादी जशीच्या तशी सेशनलची आहे.

असं का झालं, हे कळायला एक टोकाची कल्पना करून पाहा. समजा फायनलमध्ये सगळ्यांनाच 44 मिळाले. मग प्रत्येकाच्या बेरजेत 44 वाढले आणि क्रम तसूभरही हलला नाही. पेपर 60 गुणांचा असून त्याचा क्रमावरचा परिणाम शून्य! क्रम ठरतो तो दोन विद्यार्थ्यांमधल्या फरकावर. फायनलमध्ये पहिल्या-शेवटच्यात 4 गुणांचं अंतर आहे, सेशनलमध्ये 18 गुणांचं. चार गुणांनी अठरा गुणांची दरी कशी भरून निघणार?

हा पसारा मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन. सरासरीपासून गुण साधारण किती लांब पसरले आहेत, ते या एका आकड्यात कळतं. एक्सेलमध्ये गुणांच्या रकान्याखाली एवढं लिहिलं की झालं:

```
=STDEV.P(B2:B6)
```

आपल्या उदाहरणात सेशनलचं प्रमाण विचलन सुमारे 6.4 येतं आणि फायनलचं 1.4. म्हणजे कागदावर 40 विरुद्ध 60 असलं, तरी सेशनलची ओढ फायनलच्या साडेचार पट आहे. सेशनल आणि फायनल या दोन्हींत तीच मुलं पुढे असती, तर हा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता, कारण यादी दोन्ही बाजूंनी सारखीच लागली असती. दोन्ही क्रम वेगळे पडले की तो उघडा पडतो.

उलट प्रकारही होतो, आणि तो जास्त ओळखीचा आहे. शाळेत अंतर्गत 20 गुणांपैकी सगळ्यांना 18-19 दिले जातात. मग 80 गुणांचा लेखी पेपर नावाला 80 टक्के असतो, क्रम मात्र जवळजवळ पूर्णच ठरवतो.

उपाय असा: प्रत्येकाच्या गुणांतून वर्गाची सरासरी वजा करायची, उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचं, आणि मगच 40-60चा भार लावायचा. पहिल्या विद्यार्थ्याचे सेशनलचे गुण सरासरीच्या 1.38 प्रमाण विचलनं वर, फायनलचे 1.41 खाली. भार लावून बेरीज येते उणे 0.3. पाचव्याची येते अधिक 0.27. पाचही जणांचं असं केलं तर यादी पूर्ण उलटते, आणि फायनलला खरोखर जास्त वजन मिळतं. 2013 ते 2016 मध्ये जेईई मेनच्या यादीत बारावीला 40 टक्के वजन होतं. आपल्या व्हीएनआयटीचे प्रवेशही त्यावरच व्हायचे. तेव्हा बारावीचे गुण सरळ मिळवत नसत. आधी पर्सेंटाइल काढून ते जेईईच्या गुणांच्या मापावर आणले जात. कारण वेगवेगळ्या बोर्डांचं होतं, पण पसाऱ्याचा प्रश्नही त्यातच सुटत होता.

तरी मी हा उपाय डोळे झाकून वापरायला सांगणार नाही. भागाकारानंतर फायनलचा एक गुण सेशनलच्या साडेचार गुणांइतका जड झाला. आणि फायनलमधला एक गुण म्हणजे काय? एखाद्या पायरीला परीक्षकाने एक गुण दिला की नाही, इतकाच फरक. फेरतपासणीत तो सहज बदलतो. पेपरनेच मुलांना वेगळं केलं नसेल, तर भागाकार फक्त हा योगायोग मोठा करतो. गैरहजर मुलाचं शून्य रकान्यात राहिलं तर उलटं होतं, पसारा फुगतो आणि बाकीच्यांमधला फरक दबतो. म्हणून आधी ती शून्यं काढावीत. पण खरी दुरुस्ती प्रश्नपत्रिकेतच आहे. 60 पैकी निदान 15 गुणांचे प्रश्न असे हवेत, जे वर्गातल्या काहींनाच पूर्ण सुटतील.